माफीचा पत्ता

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत दुपारची पाळी बदलते, त्या वेळी आमच्या क्वालिटी लॅबमध्ये थोडा वेळ शांतता असते. ग्राइंडिंगची मशिने थांबलेली असतात, कूलंटचा आंबूस वास दाराच्या फटीतून आत येत असतो आणि सरफेस प्लेटवरचे दिवसभराचे तेलाचे डाग कोणीतरी पुसत असते. गेल्या महिन्यात अशाच एका दुपारी नव्याने रुजू झालेल्या शिकाऊ इंजिनिअर मुलीने एअर गेजचे मास्टर डब्यात ठेवता ठेवता मला विचारले, "मॅडम, तुम्ही सरांना माफ केलंय, असं सगळे म्हणतात. मग त्यांच्याच लॉटला आधी कागद का मागता? किरकोळ गोष्ट असेल तर बाकीच्यांच्या नुसत्या फोनवर तुम्ही पुढे जाता." तिच्या स्वरात आगाऊपणा नव्हता. तिने काही दिवस लक्ष ठेवून पाहिले होते आणि जे दिसले ते तिला जुळवता येत नव्हते, एवढेच. मी तिला नंतर बोलू असे सांगितले. पण त्र्यंबक रोडने घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला आणि पुढे कित्येक दिवस गेला नाही, कारण तिचे निरीक्षण खरे होते. मी त्याला माफ केले आहे, हेही खरे होते. ही दोन्ही सत्ये एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात का, की त्यांपैकी एक मी स्वतःला समजावण्यासाठी रचलेले आहे, हे मला नीट तपासून पाहावेसे वाटले.

तो आणि मी एकाच वर्षी, एकाच तुकडीत शिकाऊ म्हणून या कंपनीत आलो. तो उत्पादनात गेला, मी तपासणीत. उत्पादन आणि तपासणी यांच्यात कारखान्यात जी नेहमीची ओढाताण असते ती आमच्यात फारशी नव्हती, कारण आम्ही एकमेकांना अरे-तुरे करणारे होतो आणि मायक्रोमीटर कसा धरायचा हे एकाच बाकावर शिकलो होतो. ज्या लॉटवरून सारे घडले, तो वीस मिलिमीटर व्यासाच्या पिनांचा होता. ड्रॉइंगप्रमाणे व्यास १९.९८० ते १९.९९३ मिलिमीटर यांच्या दरम्यान असायला हवा होता. रात्रीच्या तपासणीत माझ्या हाती आलेल्या नगांचे माप १९.९७६, १९.९७७ असे भरत होते. चार मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा अगदी लहानसा हिस्सा. पण पिन बारीक झाली की बुशमध्ये ती सैल बसते आणि बारीक झालेली पिन पुन्हा घासून जाड करता येत नाही. मी लॉटला होल्डचा टॅग लावला. महिनाअखेर होती, गाडी गेटवर उभी होती. त्याचा फोन आला. "साहेबांशी बोलणं झालंय. कस्टमरनं डेव्हिएशन मान्य केलंय. सकाळी आल्या आल्या नोटवर सही घेऊन तुझ्याकडे देतो. तू टॅग काढ, मी शिफ्ट इनचार्ज म्हणून सांगतोय." डेव्हिएशन म्हणजे मापाबाहेर गेलेला माल ग्राहकाने तसाच स्वीकारायची मान्यता. लॉट सोडण्याचा अधिकार त्याचा होता आणि कागद मागाहून येण्याची पद्धत त्या वेळी सगळ्या पाळ्यांमध्ये सर्रास चालत असे. टॅग निघाला, गाडी गेली.

ग्राहकाच्या लाइनवर पिना सैल बसल्या, जोडणी थांबली, तक्रार आली. व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक बसली. त्याला विचारले गेले तेव्हा तो समोरच्या कागदाकडे पाहत म्हणाला, "मी असा कोणताही फोन केला नाही. क्वालिटीने माल पास केला म्हणून मी पाठवला." कस्टमरने काहीही मान्य केलेले नव्हते, साहेबांशी बोलणेही झालेले नव्हते. खोलीत आम्हा दोघांखेरीज पाच जण होते. मला मेमो मिळाला, त्या वर्षीची बढती गेली आणि माझ्या व्यक्तिगत फाइलमध्ये ‘तपासणीत निष्काळजीपणा आणि चौकशीत विसंगत निवेदन’ असे शब्द कायमचे जाऊन बसले. निष्काळजीपणाच्या शिक्क्यापेक्षा त्या दुसऱ्या शब्दांनी मला अधिक लागले. त्यांचा अर्थ मी खोटे बोलले असा होता.

येथे मला थोडे थांबून पाहायचे आहे की नेमके काय बिघडले होते.

मशीन बंद पडले तर आपण चिडतो, पण मशीनने विश्वासघात केला असे म्हणत नाही. अ‍ॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी एखाद्या गोष्टीवर विसंबणे आणि एखाद्या माणसावर विश्वास ठेवणे यांतला फरक दाखवताना कांटचे उदाहरण दिले आहे. कांट इतक्या नियमितपणे फिरायला निघत की शेजारी त्यावरून आपला दिनक्रम लावत. एखाद्या दिवशी कांट उठलेच नसते, तर शेजाऱ्यांची गैरसोय झाली असती, त्यांना निराशा वाटली असती, पण कांटनी आपल्याला दगा दिला असे ते म्हणू शकले नसते. दगा होण्यासाठी समोरच्याच्या सद्भावावर आपण भार टाकलेला असावा लागतो, आणि तो भार आपण टाकला आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. बायर यांचे म्हणणे असे की विश्वास ठेवणे म्हणजे आपल्याला इजा करता येईल अशी जागा दुसऱ्याच्या हाती देणे आणि तो ती करणार नाही असे धरून चालणे. त्या रात्रीचा फोन म्हणजे नेमकी अशी जागा होती. माझे नाव, माझी नोकरी आणि माझा शब्द त्याच्या सकाळच्या सहीवर टेकलेले होते, आणि हे त्याला माझ्याइतकेच स्पष्ट माहीत होते. म्हणून बैठकीत तो जे बोलला ते केवळ खोटे विधान नव्हते. त्याने त्याच जागेवर हात ठेवून दाबले होते.

माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झाले होते. तिथे प्रत्येक कागद मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, त्यामुळे शब्दापेक्षा नोंदीवर त्यांचा अधिक भर असे. मेमो वाचून त्यांनी फक्त विचारले, "सही आधी का नाही घेतलीस?" त्यांना माझ्यावर संशय नव्हता. पण तो प्रश्न ऐकताना मला कळले की घाव एका माणसापुरता राहिलेला नाही. त्याने सांगितलेली गोष्ट आता त्याच्याशिवायही फिरत होती. ती फाइलमध्ये होती, त्या पाच जणांच्या मनात होती, कँटीनमधल्या कुजबुजीत होती, आणि आमच्या घरातल्या जेवणाच्या ताटाशीही येऊन बसली होती.

बऱ्याच महिन्यांनी त्याने पहिल्यांदा माफी मागितली. कँटीनमध्ये चहा घेता घेता म्हणाला, "झालं गेलं विसरून जाऊ. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. त्या गडबडीत मला तो फोन खरंच आठवला नाही." मी ते ऐकून घेतले आणि काही बोलले नाही. त्यानंतर माझा राग कमी होण्याऐवजी वाढला, आणि याचेच मला आश्चर्य वाटत राहिले. माफी मागितल्यावर राग उतरायला हवा, असे आपण धरून चालतो. आपल्याकडे तर लगेच समजावणारेही भेटतात. त्याने मागितली ना माफी, मग आता मन मोठे कर, असे मला दोघा-तिघांनी सांगितले. आपल्या परंपरेत क्षमेला एवढे मोठे स्थान आहे की न करणारा माणूसच आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

पण त्याच परंपरेत एक फार बारीक विचार आहे, तो मला त्या काळात वनपर्वात सापडला. द्वैतवनात द्रौपदी युधिष्ठिराला त्याच्या अतिक्षमेबद्दल बोलते तेव्हा ती प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद सांगते. क्षमा श्रेष्ठ की तेज, असे बळीने विचारले होते, आणि प्रल्हादाचे उत्तर आहे, ‘न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा।’ सतत तेजही हितकर नाही आणि नित्य क्षमाही हितकर नाही. पुढे तो क्षमेचे काळ सांगतो. ज्याने पूर्वी आपल्यावर उपकार केले आहेत त्याचा अपराध क्षम्य मानावा, अजाणतेपणी केलेला क्षम्य मानावा, प्रत्येकाचा पहिला अपराधही क्षमा करावा. आणि या सगळ्यामध्ये तो एक अपवाद ठेवतो. जे जाणूनबुजून करतात आणि नंतर ते अजाणतेपणी झाले असे सांगतात, त्या कुटिलांना अपराध थोडा असला तरी सोडू नये. हा अपवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कँटीनमधला तो चहा आठवला. सख्ख्या मित्राने केलेला तो पहिलाच अपराध होता, त्याने पूर्वी माझ्यासाठी पुष्कळ केलेही होते, म्हणजे प्रल्हादाच्या हिशेबाने क्षमेची दोन कारणे हजर होती. तरीही ‘आठवला नाही’ या दोन शब्दांनी ती दोन्ही पुसली गेली, कारण त्या शब्दांनी पहिल्या खोट्यावर दुसरे खोटे चढवले होते.

आणि ‘वाईट वाटलं असेल तर’ या जोडणीत दुसरी एक गोम आहे, ती आपण रोज ऐकत असल्यामुळे लक्षात येत नाही. तिथे त्याने काय केले हा विषयच राहत नाही. विषय होतो मला काय वाटले हा. जणू अपराध माझ्या मनात घडला आहे आणि तोही घडला की नाही याची खात्री नाही. अशी माफी स्वीकारायची म्हणजे आपला राग हा आपल्या हळवेपणाचा भाग होता, असे मान्य करावे लागते. म्हणून मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला अढी म्हटले गेले, पण माझ्या मते ते योग्यच होते.

रागाबद्दल आपण सहसा असे बोलतो की तो एक ओझे आहे, ते उतरवून टाकावे, त्याने आपलेच रक्त आटते. यात तथ्य आहे, पण राग आणखी एक काम करत असतो. पामेला हिअरॉनिमी यांचा २००१ सालचा एक निबंध आहे, त्यातला विचार मला या प्रकरणात सर्वांत अधिक उपयोगी पडला. त्या म्हणतात की माझ्याविरुद्ध झालेले आणि कोणीही मागे न घेतलेले दुष्कृत्य भूतकाळात संपत नाही, ते आजही एक दावा करत उभे असते. दावा असा, की हिला असे वागवले तरी चालते. आणि माझा राग हा त्या दाव्याविरुद्धचा निषेध असतो. त्यात तीन गोष्टी मी एकत्र धरलेल्या असतात. कृत्य चुकीचे होते. करणारा माणूस दगड नाही, त्याच्याकडून अधिक अपेक्षा करता येते. आणि मीही अशी कोणी नाही जिच्याशी असे वागावे. क्षमा करताना यांपैकी एखादी गोष्ट सोडून दिली, तर ती क्षमा राहत नाही. कृत्य फारसे वाईट नव्हते असे म्हटले तर ते सबब पुरवणे झाले. तो माणूसच तसला, त्याच्याकडून काय अपेक्षा, असे म्हटले तर ती उपेक्षा झाली. माझे काय एवढे, असे म्हटले तर तो आत्मसन्मानाचा ऱ्हास झाला. मला समजावणारे सगळे याच तीन वाटांपैकी एक दाखवत होते आणि तिलाच क्षमा म्हणत होते.

मग खरी क्षमा कोणत्या वाटेने येते? ऑरेल कोल्नाई या तत्त्वज्ञाने या ठिकाणी एक पेच मांडून ठेवला आहे. अपराधी बदलला नसेल तर त्याला क्षमा करणे म्हणजे अपराधाकडे डोळेझाक करणे, आणि तो पूर्णपणे बदलला असेल तर क्षमा करण्यासारखे काही उरतच नाही. म्हणजे एकदा क्षमा अयोग्य ठरते, एकदा अनावश्यक. हिअरॉनिमी यांच्या विचारात या पेचातून निघण्याची एक वाट आहे. दावा ज्याने केला त्यानेच तो मागे घेतला, तर निषेधाचे कारण संपते, पण घडलेले कृत्य काही पुसले जात नाही. त्याची किंमत कोणीतरी भरलेलीच असते. ज्याने अन्याय सोसला तो ती किंमत स्वतःकडे ठेवून घ्यायला तयार होतो, ती समोरच्याकडून वसूल करत राहायचे नाही असे ठरवतो. त्यामुळे अपराधी बदलल्यावरही क्षमा करण्यासारखे काहीतरी उरते. ते उरलेले म्हणजे न फिटणारा हिशेब.

त्याने दुसऱ्यांदा माफी मागितली तेव्हा काही वर्षे उलटली होती. तो विभागप्रमुख झाला होता आणि मीही लॅबची जबाबदारी घेतली होती. फेब्रुवारीतली थंड सकाळ होती. तो लॅबमध्ये आला, बसला नाही. म्हणाला, "तो फोन मी केला होता. मला तो बैठकीतही आठवत होता. बढतीची यादी त्याच महिन्यात निघणार होती, आणि माझं नाव त्यात होतं. मी खोटं बोललो आणि ते तुझ्यावर ढकललं." त्याने माफ कर असे म्हटले नाही. मी बराच वेळ काही बोलले नाही. मग मला जे सुचले ते मी बोलून टाकले, "हे तू मला कशाला सांगतोस? मला तर हे पहिल्यापासून माहीत आहे."

त्या वाक्यात कडवटपणा होता, पण त्यात एक विचारही होता, जो मला नंतर उलगडला. माफीला पत्ता असतो. त्याने बोललेले खोटे माझ्यापाशी आलेलेच नव्हते. ते खोटे आहे हे मला त्या खोलीतच ठाऊक होते. ते पोहोचले होते व्यवस्थापकांपाशी, त्या पाच जणांपाशी, माझ्या फाइलपाशी. लॅबच्या चार भिंतींत माझ्या कानावर घातलेले सत्य त्यांपैकी कुठेही जाणार नव्हते. एकांतातली माफी मागणाऱ्याला हलके करते, आणि ऐकणाऱ्यावर मात्र एक नवे ओझे टाकते, कारण आता त्याच्या कबुलीचे गुपितही तिनेच सांभाळायचे असते. चारचौघांत केलेला अपराध एकांतात मागे घेता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. माफी अपराधाइतक्या लांबवर चालत गेली पाहिजे.

तो त्या दिवशी गेला आणि चार-पाच दिवसांत त्याने व्यवस्थापक आणि कार्मिक विभाग यांच्या नावे पत्र दिले. पत्र एका पानाचे होते. तारीख, लॉट, फोनची वेळ, बैठकीत आपण काय म्हणालो आणि खरे काय होते, हे चार ओळींत लिहिलेले होते. कारणमीमांसा नव्हती, घरच्या अडचणींचे वर्णन नव्हते. महिन्याच्या क्वालिटी मीटिंगमध्ये त्याने तेच सर्वांसमोर वाचून दाखवले. जुन्या पाच जणांपैकी एक चाकणला दुसऱ्या कंपनीत गेले होते, एक निवृत्त झाले होते, त्यांना त्याने फोन केले. माझा मेमो मागे घेतला गेला आणि त्याच्या फाइलमध्ये लेखी ताकीद गेली. त्याची एक पगारवाढ थांबली. आमच्या कारखान्यात ग्राहकाच्या तक्रारीचे उत्तर लिहिताना कारणाच्या रकान्यात ‘कामगाराची चूक’ एवढेच लिहिले तर ते उत्तर परत येते. ती चूक कशामुळे घडू शकली आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले, हे लिहावे लागते. त्याच्या पत्राच्या शेवटी असाच एक बदल होता. आपल्या पाळीतला कोणताही लॉट यापुढे लेखी नोटेशिवाय सोडला जाणार नाही, हे त्याने स्वतःहून लिहून दिले होते.

त्या मीटिंगमधून बाहेर आल्यावर माझा राग गेला होता. मी तो सोडून दिला असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. त्याला धरून राहायला आता कारण उरले नव्हते. दावा ज्या ठिकाणी केला गेला होता त्याच ठिकाणी, तो करणाऱ्यानेच, मागे घेतला होता.

तरीही काही गोष्टी मागे घेता आल्या नाहीत. गेलेली बढती पुढे मिळाली, पण ती वर्षे मिळाली नाहीत. आणि वडील ते पत्र यायच्या आधी गेले. त्यांना मी निर्दोष आहे हे माहीत होते, पण जगाने ते लिहून दिलेले त्यांनी पाहिले नाही, आणि नोंदीवर विश्वास असलेल्या माणसाला त्या कागदाची किती किंमत वाटली असती हे मला ठाऊक आहे. त्यांच्या वाट्याची क्षमा मी करू शकत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच क्षमा करू शकतो, हा नियम या ठिकाणी मला फार कठोर वाटतो आणि तरीही बरोबर वाटतो. माझ्या वाट्याची किंमत मी स्वतःकडे ठेवून घेतली. त्यांची मी ठेवू शकत नाही, तशी मी ती त्याच्याकडे मागतही नाही. ती तशीच आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. राग गेला, मग कागद का? माझ्या मनात सर्वांत आधी ही शंका आली की कागद मागणे ही एक सभ्य शिक्षा तर नाही? मी माफ केले आहे असे सांगत सांगत त्याला दर पाळीला आठवण तर करून देत नाही? हे ओळखायची एक कसोटी मला सापडली. अढी उरलेली असेल तर समोरच्याच्या चुकीने आत कुठेतरी बरे वाटते. मागे त्याच्या विभागातला एक लॉट ऑडिटमध्ये अडकला, तेव्हा मी स्वतःकडे लक्ष देऊन पाहिले. मला बरे वाटले नाही, त्याचा महिना वाया जाणार याची काळजीच वाटली. त्या पहिल्या माफीनंतरच्या वर्षांत असे झाले नसते, हे मला पक्के माहीत आहे. म्हणून मी एवढे म्हणू शकते की कागदामागे राग नाही.

मग जे आहे ते काय आहे? क्षमा ही त्याने माझ्याशी काय केले याबद्दलची भूमिका आहे, ती मी घेऊ शकते. विश्वास मात्र असा ठरवून ठेवता येत नाही. पुढे काय होईल याचा अंदाज त्यात मिसळलेला असतो, आणि अंदाज पुराव्यावर चालतो. पूर्वीचा आमचा विश्वास न मोजलेला होता. तो मी कधी ठेवला असे मला सांगता येणार नाही, तो एका बाकावर बसता बसता आपोआप आला होता. तसा विश्वास एकदा मोडला की तो परत मिळत नाही, कारण त्याचे सारे वैशिष्ट्य हेच होते की त्याच्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. बारीक झालेल्या पिनेवर हार्ड क्रोमचा थर चढवून ती पुन्हा मापात घासता येते. अशी पिन काम करते, पण तिच्या कागदावर थर चढवल्याची नोंद असते आणि तिची तपासणी वेगळी होते. आमच्यातला आताचा विश्वास असा आहे. त्याला नोंद आहे. त्यात त्याचाही वाटा आहे, कारण ती अट पहिल्यांदा त्यानेच लिहून दिली होती. तो आता फोन करण्याआधी नोट पाठवतो, आणि मी ती मागते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अपमान दिसत नाही. ज्या दिवशी तो म्हणेल की एवढी वर्षे झाली, आता तरी माझ्या शब्दावर चालू दे, त्या दिवशी मला दुरुस्तीबद्दल शंका येईल. त्याने ते कधी म्हटलेले नाही. हे मी त्या मुलीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हे असंच राहणार?" मी म्हणाले, बहुधा राहील, आणि तरीही आमच्यातले नाते आज खरे आहे.

मात्र या प्रकरणात एक माणूस असा आहे ज्याच्याबद्दल मी अजून काही ठरवू शकलेले नाही. तो फोन आला त्या रात्री त्याच्याशेजारी आमच्या स्टोअरचे काका उभे होते. गाडीचे चलन त्यांच्याच हातात होते. त्यांनी बोलणे ऐकले होते, आणि बैठकीतल्या पाच जणांपैकी ते एक होते. त्यांना कोणी थेट विचारले नाही, म्हणून ते काही बोलले नाहीत. ते खोटे बोलले नाहीत, त्यामुळे त्यांना मागे घेण्यासारखे वाक्यही नाही. पत्रानंतर निवृत्तीच्या घरी फोन गेला तो त्यांनाच. त्यांनी तो ऐकून घेतला आणि बरे झाले, एवढेच म्हणाले. विश्वासघाताचा विचार करताना आपण नेहमी दोन माणसांचा विचार करतो, करणारा आणि सोसणारा. पण खोट्याला बैठकीत जागा मिळाली ती भोवतालच्या शांततेमुळे. त्या शांततेनेही तोच दावा केला होता, की हिच्याबाबतीत हे चालून जाईल. दगा देणाऱ्याने आपला दावा मागे घेतला. शांततेचा दावा कोणी मागे घ्यायचा आणि कोणत्या शब्दांत, हे मला क्षमेवरच्या वाचनात कुठे नीट सापडलेले नाही.

काका अधूनमधून गंगापूर रोडला भाजी घेताना भेटतात, तब्येत विचारतात, मुलांची चौकशी करतात. माझा त्यांच्यावर राग आहे का, हे मला सांगता येत नाही, कारण राग धरावा असे त्यांनी काही केलेच नाही, आणि क्षमा करावी असे त्यांनी काही मागितलेले नाही. आजवर मी त्यांच्याशी त्या रात्रीबद्दल एक शब्दही बोललेले नाही. आता मी ठरवले आहे की पुढच्या भेटीत त्यांना सरळ विचारायचे, त्या दिवशी साहेबांनी तुमच्याकडे वळून पाहिले असते, तर काका, तुम्ही काय सांगितले असते?